डायलिसिसनंतर अँटिबॉडी दुधट होतेय? आधी ट्रिसच्या बाटलीवरचा पीएच बघा

आमच्या लॅबमध्ये हा प्रॉब्लेम वर्षभरात तीनदा आला आणि तिन्ही वेळा आम्ही चुकीच्या जागी शोधत बसलो, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. सशाच्या सीरममधून प्रोटीन ए कॉलमवर आयजीजी काढतो आम्ही. संध्याकाळी ॲसिडच्या बफरनं इल्यूशन करून ट्रिसनं न्यूट्रल केलं की फ्रॅक्शन काचेसारखे स्वच्छ असतात, ते चार डिग्रीला ठेवतो, सकाळी ट्यूबिंगमध्ये भरून पीबीएसमध्ये डायलिसिसला लावतो, आणि कधीकधी दुपारी बघायला जावं तर बॅग पांढऱ्या रश्श्यासारखी. स्पिन केलं की तळाला पांढरा थर, वरच्या पाण्यात प्रोटीन कमी, एलायझा टायटर तर आणखीच कमी. आणि पुढच्या वेळी तोच माणूस, तेच सीरम, तोच कॉलम, तरी एकदम झकास. असं कधी होतंय कधी होत नाही तेव्हा माणूस जास्त हैराण होतो.

गोंधळ डायलिसिसमध्ये दिसत होता म्हणून संशय पण डायलिसिसवरच. पहिल्यांदा ट्यूबिंग नीट उकळलं नव्हतं म्हटलं, नवीन आणलं. दुसऱ्यांदा पाण्यावर ढकललं. तिसऱ्यांदा मे महिना होता, रात्री लाईट गेली असणार आणि फ्रिज गरम झाला असणार असं ठरवून मोकळे झालो. यातलं काही तपासलं नव्हतं आम्ही, नुसतं ठरवलं होतं. शेवटी एका एम.एस्सी.च्या पोरीनं डायलिसिसला भरायच्या आधी सहज एका फ्रॅक्शनचा थेंब पीएच पेपरवर टाकला आणि म्हणाली, "सर, हे न्यूट्रल झालंय म्हणताय, पण पेपर तर केशरी दाखवतोय." हिरवा यायला पाहिजे होता. तीनच्या वर साडेतीनच्या आत कुठंतरी होता तो. म्हणजे आमची अँटिबॉडी रात्रभर, चौदा तास, ॲसिडमध्ये बसली होती आणि आम्हाला वाटत होतं की ट्रिस घातलंय म्हणजे झालं.

मग फ्रिजमध्ये बघितलं तर '१ मोलर ट्रिस' लिहिलेल्या दोन बाटल्या. एक पीएच ९.० ची, खास ह्या कामासाठी केलेली. दुसरी ८.० ची, डीएनएवाल्यांची. दोन्हीवर मोठ्या अक्षरात '१ मोलर ट्रिस' आणि पीएच खाली बारीक, एकीवरचा तर पुसट झालेला. ज्या दिवशी ज्याच्या हाताला जी लागली ती. प्रोटोकॉलमध्ये फक्त '१ मिली फ्रॅक्शनला ५० मायक्रोलिटर ट्रिस' एवढंच लिहिलेलं. कधी होतंय कधी होत नाही ते एवढ्यासाठी.

आता कुणी म्हणेल की ८ काय आणि ९ काय, दोन्ही अल्कलीच की. मला पण तसंच वाटायचं, म्हणून हिशोब करून दाखवतो कारण सगळं ह्या हिशोबातच आहे.

आमचा इल्यूशन बफर ०.१ मोलर ग्लायसिन, एचसीएल घालून पीएच २.७ केलेला. ग्लायसिनच्या ॲसिड गटाचा पीकेए २.३५ च्या आसपास, म्हणजे २.७ ला साधारण तीस टक्के ग्लायसिनवर प्रोटॉन बसलेला असतो, त्यात मोकळा प्रोटॉन थोडा धरा. एक मिलीमध्ये मिळून ३३ मायक्रोमोल ॲसिड झालं, एवढं ट्रिसनं खायचं आहे. ट्रिसचा पीकेए २५ डिग्रीला ८.०६. पीएच ९ च्या बाटलीत जवळजवळ नव्वद टक्के ट्रिस बेस रूपात असतं, म्हणजे ५० मायक्रोलिटरमध्ये ४५ मायक्रोमोल बेस. ३३ खाऊन १२ उरतात आणि पीएच साडेसातच्या आसपास येऊन थांबतो, एकदम पाहिजे तिथं. पीएच ८ च्या बाटलीत मात्र निम्म्यापेक्षा कमीच बेस असतं, बाकीच्यावर प्रोटॉन आधीच बसलेला. ५० मायक्रोलिटरमध्ये फक्त २३ मायक्रोमोल. ३३ ला २३ पुरत नाहीत, दहा मायक्रोमोल ॲसिड तसंच राहतं आणि हिशोबानं पीएच ३.३ निघतो. पेपरवर जे दिसलं तेच. ट्रिस घालूनसुद्धा २.७ चं ३.३ झालं, बास, एवढीच प्रगती.

म्हणजे ८ ची बाटली वाईट असं नाही, ती वापरायची तर दुप्पट घालायची. मिलीला १०० मायक्रोलिटर घातलं तर पीएच ७.२-७.३ ला येतो आणि काम भागतं. प्रोटोकॉलमध्ये कुठं 'दहावा भाग' लिहिलेलं असतं कुठं 'विसावा भाग', ते दोन्ही बरोबरच असतात पण आपापल्या ट्रिससाठी. एका प्रोटोकॉलचा भाग आणि दुसऱ्याची बाटली घेतली की गडबड झालीच.

मग संध्याकाळी फ्रॅक्शन स्वच्छ का होते? ह्याच गोष्टीनं आम्हाला सगळ्यात जास्त फसवलं. तीनच्या पीएचला आयजीजीच्या सगळ्या रेणूंवर भरपूर प्लस चार्ज असतो, ग्लायसिन बफरमध्ये मीठ जवळजवळ नसतंच, त्यामुळं ते एकमेकांना ढकलून लांब ठेवतात. आतून घडी सैल होत असते, जे भाग आत दडलेले असायला पाहिजेत ते बाहेर येत असतात, पण चिकटायला जवळ येत नाहीत म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. मग सकाळी आपण पीबीएसमध्ये टाकतो, पीएच वर जातो, चार्ज कमी होतो, मीठ आत शिरतं, आणि ते सैल झालेले रेणू एकमेकांना धरून बसतात. नुकसान रात्री झालेलं, दिसतं दुपारी. म्हणून स्वच्छ दिसतंय ह्यावर कधीच भरवसा ठेवू नका, पेपर लावा. दोन मायक्रोलिटरचा थेंब पुरतो, पट्टी ट्यूबमध्ये बुडवायची नाही.

आता आमच्या त्या तिसऱ्या रनचे आकडे बघा. १ मिली रेझिनचा कॉलम, १ मिली सशाचं सीरम तेवढ्याच पीबीएसनं पातळ करून घातलेलं, इल्यूशनचे एकेक मिलीचे सहा फ्रॅक्शन. २८० नॅनोमीटरला दुसऱ्या फ्रॅक्शनचं रीडिंग डायल्यूशन धरून ४.२, तिसऱ्याचं २.१, चौथ्याचं ०.६, पहिला आणि शेवटचे दोन जवळजवळ रिकामे. आयजीजीसाठी १.४ नं भागायचं, म्हणजे दुसऱ्यात ३ मिलिग्रॅम, तिसऱ्यात दीड, चौथ्यात अर्ध्याला थोडं कमी, मिळून पाच मिलिग्रॅमच्या आसपास. सशाच्या एका मिली सीरममधून हे ठीकच आहे. म्हणजे बाइंडिंग नीट झालं होतं, इल्यूशन पण नीट झालं होतं. डायलिसिसनंतर स्पिन करून मोजलं तर साडेतीन मिलिग्रॅम. दीड मिलिग्रॅम तळाला गेलं. आणि स्पिन न करता मोजलं असतं तर रीडिंग उलट जास्तच आलं असतं, कारण गढूळपणामुळं उजेड विखुरतो आणि मशीनला ते पण शोषण वाटतं. म्हणून २८० बरोबर ३२० ला पण एकदा मोजा. स्वच्छ आयजीजीचं ३२० ला जवळपास शून्य यायला पाहिजे, तिथं काही आकडा आला तर समजायचं की गोळे झालेत, डोळ्याला दिसोत न दिसोत.

खाली बसलेलं परत विरघळवायच्या नादाला लागू नका, आम्ही लागलो होतो, काही हाती लागत नाही. आणि वरचं स्वच्छ पाणी पण शंभर टक्के चांगलं असेल असं नाही. त्यात लहान गोळे विरघळलेले असतात, ते एलायझात बॅकग्राउंड वाढवतात. आम्ही ती बॅच वेगळी ठेवली आणि कुठल्याच महत्त्वाच्या प्लेटला वापरली नाही.

मग आता काय करतो ते सांगतो. पहिलं आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे नवीन इल्यूशन बफर किंवा नवीन ट्रिस केलं की कॉलमला हात लावायच्या आधी कोरं टायट्रेशन. १० मिली इल्यूशन बफर बीकरमध्ये घ्यायचा, पीएच मीटर लावायचा, मॅग्नेट फिरत ठेवायचा आणि ट्रिस पन्नास-पन्नास मायक्रोलिटरनं घालत जायचं. आमच्या २.७ च्या ग्लायसिनला ९ चं ट्रिस घालताना ३०० मायक्रोलिटरपर्यंत मीटर साडेतीनच्या आसपासच रेंगाळतो, ३५० ला चारच्या थोडं वर, आणि ४०० ला एकदम ७. पन्नास मायक्रोलिटरमध्ये चारवरून सातवर उडी! ५०० ला साडेसात. ही उडी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की मग कुणी अंदाजानं ट्रिस घालत नाही. कारण मध्ये काही नाहीच, एकतर तुम्ही उडीच्या अलीकडं आहात नाहीतर पलीकडं. जो आकडा येईल तो बाटलीवर लिहायचा: 'ह्या बफरच्या १ मिलीला एवढे मायक्रोलिटर', तारखेसकट.

इल्यूशन बफरचा पीएच पण ह्यात लई महत्त्वाचा आहे. २.७ ऐवजी २.५ झाला तर ॲसिड मिलीला ३३ वरून ४५ मायक्रोमोलच्या घरात जातं, म्हणजे ९ चं ट्रिससुद्धा ५० मायक्रोलिटर घातलं तर बरोबर काठावर, उडीच्या मधोमध. कधी ५ येईल कधी ६. तिथं ७५ मायक्रोलिटर लागतं. आणि बफरचा पीएच ०.२ नं चुकणं काही अवघड नाही, मीटर फक्त ७ आणि ९.२ च्या कॅप्सूलवर कॅलिब्रेट केला आणि २.७ चा बफर बनवायला बसलो की झालं. ॲसिडचा बफर करायचा तर ७ आणि ४ वर कॅलिब्रेट करा.

ट्रिस बनवतानाची एक गोष्ट. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर हलतो, एका डिग्रीला साधारण ०.०२८. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारी लॅबमध्ये ३५ डिग्री असताना ९.० केलेला बफर २५ ला ९.२८ असतो. आणि मीटरला तापमानाचा प्रोब लावलाय म्हणून ते आपोआप दुरुस्त होत नाही, तो फक्त इलेक्ट्रोडचा फरक सांभाळतो, ट्रिस स्वतः बदलतंय ते नाही. न्यूट्रलायझेशनसाठी थोडं वर गेलेलं चालतं, उलटं मात्र चालत नाही, म्हणजे कोल्ड रूममधून काढलेल्या थंडगार बाटलीत मीटर घालून ९.० बघितलं आणि खूश झालो तर खोलीच्या तापमानाला ते ८.४ च असतं.

दुसरी गोष्ट, ट्रिस आधी ट्यूबमध्ये, फ्रॅक्शन त्यावर पडलं पाहिजे. सहा ट्यूब ओळीनं लावायच्या, प्रत्येकीत ट्रिस, मगच ग्लायसिन सुरू. सगळे फ्रॅक्शन गोळा झाल्यावर घालू म्हटलं तर पहिली ट्यूब दहा-पंधरा मिनिटं ॲसिडमध्ये राहते, शिवाय दाट प्रोटीनवर एकदम ट्रिस पडलं की तिथल्या तिथं धूसर धागे दिसतात. ट्यूब भरली की लगेच झाकण लावून तीन-चार वेळा उलटीपालटी करायची, नाहीतर जड ट्रिस तळाला राहतं आणि वर ॲसिडच. व्हॉर्टेक्स नको, फेस आला की त्या फेसात पण अँटिबॉडी बिघडते. आणि लगेच पेपर. पेपर केशरी आला तर घाबरायचं काही नाही, पाच मिनिटांच्या आत आणखी ट्रिस घातलं तर सशाच्या बहुतेक अँटिबॉडीला काही होत नाही. रात्रभर ठेवलं की मग संपलं.

आमचं हे सगळं कळल्यावर एका जणानं सुचवलं की एवढी भानगड कशाला, ग्लायसिन सोडा आणि ०.१ मोलर सिट्रेट पीएच ३.५ वापरा, सौम्य आहे. सौम्य आहे हे खरं आहे, पण त्यात दोन गोष्टी लपल्यात. एक, सायट्रिक ॲसिडला प्रोटॉन सोडणारे तीन गट असतात, त्यामुळं ३.५ पासून साडेसातपर्यंत न्यायला मिलीमागं दोनशे मायक्रोमोलच्या वर बेस लागतो, ग्लायसिनच्या सहापट. ९ च्या ट्रिसचे ५० मायक्रोलिटर तिथं कुठल्या कुठं जातात, जवळजवळ ३०० मायक्रोलिटर लागतं आणि फ्रॅक्शन तेवढं पातळ होतं. पीएच आकड्यानं वर आहे म्हणजे ॲसिड कमी आहे असं नसतंय, हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट पकडीची. प्रोटीन ए आयजीजीच्या शेपटीला, एफसी भागाला धरतं, आणि त्या जोडाच्या जागी हिस्टिडीन असतो. पीएच सातच्या वर त्यावर चार्ज नसतो म्हणून पकड घट्ट, ॲसिडमध्ये त्यावर प्रोटॉन बसतो आणि दोन्ही बाजू एकमेकांना ढकलतात. सशाच्या आयजीजीची पकड मुळात मजबूत, ३.५ ला ती अर्धवट सुटते, पीक लांबट होतं, आणि उरलेलं कॉलमवरच राहून पुढच्या रनमध्ये निघतं. पुढचा रन दुसऱ्या सशाचा असला तर दोन अँटिबॉडी मिसळल्या. तेव्हा ३.५ वापरलंत तर शेवटी २.५ च्या ग्लायसिननं पाच मिली धुवा आणि त्यात काय निघतंय ते मोजा.

तुमची अँटिबॉडी खरंच ॲसिडला नाजूक आहे का हे तपासायचं असेल तर नीट न्यूट्रल झालेल्या फ्रॅक्शनमधला थोडा भाग घ्या, परत २.७ ला आणा, ५, ३० आणि ६० मिनिटांनी थोडं थोडं काढून न्यूट्रल करा आणि एकाच प्लेटवर एलायझा लावा. ५ मिनिटांचा आणि न छेडलेला सारखा आला तर ग्लायसिन सोडायचं काही कारण नाही.

बाइंडिंगचं थोडक्यात सांगतो, कारण दुधट बॅगेचा त्याच्याशी संबंध नाही, पण यील्डच कमी असेल तर तिकडं बघायचं. सीरम पीबीएसनं निम्मं पातळ करून ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, पीएच ७.४ ते ८ च्या मध्ये आहे का पेपरवर बघा, आणि कॉलमखालून वाहून गेलेलं पाणी इल्यूशनचं रीडिंग हातात येईपर्यंत अजिबात फेकू नका. अँटिबॉडी त्यात सापडली तर आधी प्राणी कोणता ते आठवा. सशाला अडचण नाही, पण शेळीचं आयजीजी प्रोटीन एला नीट धरत नाही, त्याला प्रोटीन जी लागतं. उंदराचं आयजीजी १ नुसत्या पीबीएसमध्ये बरंचसं वाहून जातं, त्याला पीएच ८.९ च्या बफरमध्ये ३ मोलर मीठ घालून बसवावं लागतं. ससाच असेल आणि तरी वाहून जात असेल तर बहुतेक रेझिनवर क्षमतेपेक्षा जास्त सीरम घातलंय, निम्मं घालून बघा.

आणि एक सांगायचं राहिलंच होतं, इल्यूशन बफरमध्ये टिकावा म्हणून सोडियम अझाइड कधीच घालू नका. ॲसिडमध्ये त्यातून हायड्रॅझोइक ॲसिड निघतं, ते विषारी आहे. अझाइड घालायचंच तर डायलिसिस होऊन पीएच नीट झाल्यावर, ०.०२ टक्के, आणि त्या अँटिबॉडीला पुढं एचआरपी जोडणार असाल तर तेव्हाही नको कारण अझाइड एचआरपीला मारतं.

आमच्या फ्रिजमध्ये आता ८ ची बाटली खालच्या कप्प्यात, निळ्या टेपची. ९ ची वरच्या, लाल टेपची, आणि तिच्यावर त्या एम.एस्सी.च्या पोरीनं मार्करनं लिहिलंय: 'ग्लायसिन २.७ — १ मिलीला ५०, पेपर लावल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.' त्यानंतरच्या सात रनमध्ये एकदाही बॅग दुधट झालेली नाही. तुमच्याकडं पेपर हिरवा येऊनसुद्धा बॅग दुधट होत असेल तर फ्रॅक्शन किती दाट होता, डायलिसिसचा बफर कोणता आणि ३२० चं रीडिंग डायलिसिसच्या आधी किती होतं एवढं कळवा, मग बघू कुठं अडतंय ते.